‘विल बी ऑलवेज’ चूक, मग ‘ऑलवेज बी’ बरोबर कसं?

प्रश्न: “मॅडम, मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. तिच्या गाइडमध्ये लिहिलंय की ऑलवेज, रेअरली, नेव्हर हे शब्द ‘बी’च्या नंतर येतात आणि बाकी क्रियापदांच्या आधी. तिने ‘द बस विल बी ऑलवेज लेट’ असं लिहिलं, तर बाईंनी चूक दिली. पण ‘ऑलवेज बी केअरफुल’ तर आमच्या कारखान्यात भिंतीवर रंगवलेलं आहे, तिथे तर आधी आहे. मग बी नंतर की बी आधी? मी दहावी शिकलेला माणूस, मला तिला समजावता येईना.”

तुमच्या मुलीने गाइडमधला नियम अक्षरशः पाळला. घोळ तिच्या डोक्यात नाही, गाइडच्या वाक्यात आहे. ‘बी’ म्हणताना त्या लेखकाच्या मनात इज, ॲम, आर, वॉज, वेअर ही पाचच रूपं होती. नुसतं ‘बी’, ‘बीन’ आणि ‘बीइंग’ या रूपांचा त्याने विचारच केलेला नाही. नववीतल्या मुलीला ‘बी’ म्हटलं की डोळ्यासमोर ‘बी’च येणार, आणि ती ‘विल बी’ दिसल्याबरोबर ऑलवेज त्याच्या मागे लावणार. माझ्या क्लासमध्ये दरवर्षी पाच-सहा पोरं हेच करतात. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत बावीस वर्षं शिकवतेय, आणि आता मी तो गाइडमधला नियम शिकवणंच सोडून दिलं आहे.

त्याऐवजी मी एक चाचणी देते. वाक्य आधी नकारार्थी करायचं. ‘नॉट’ जिथे जाऊन बसतो, ती ऑलवेजची खुर्ची. नॉट उठवायचा आणि त्या खुर्चीवर ऑलवेज बसवायचा.

मुलीचंच वाक्य घ्या. “द बस विल बी लेट” याचं नकारार्थी तिला नक्की येत असेल: “द बस विल नॉट बी लेट.” नववीतलं कोणतंच पोर “विल बी नॉट लेट” म्हणत नाही, कारण ते कानाला बसलेलं असतं. मग नॉटच्या जागी ऑलवेज ठेवा: “द बस विल ऑलवेज बी लेट.” झालं. आता “द बस इज लेट” घ्या. नकारार्थी “द बस इज नॉट लेट”, म्हणून “द बस इज ऑलवेज लेट.” आणि “द बस हॅज बीन लेट” याचं “हॅज नॉट बीन लेट” होतं, म्हणून “द बस हॅज ऑलवेज बीन लेट.” तीनही वाक्यांत ऑलवेज एकाच जागी आहे, पहिल्या सहाय्यक क्रियापदाच्या लगेच मागे. ‘बी’ त्याच्या पुढे की मागे हे त्या वाक्यात पहिलं कोण उभं आहे त्यावर ठरतं. विल असेल तर पहिला विल, हॅज असेल तर पहिला हॅज, आणि कोणीच नसेल तर इज स्वतःच पहिला.

सहाय्यक क्रियापदांची रांग लांब असली तरी हेच चालतं. “ही शुड हॅव बीन टोल्ड” यात शुड, हॅव, बीन असे तिघे आहेत. नॉट शुडच्या मागे जातो, म्हणून “ही शुड ऑलवेज हॅव बीन टोल्ड.” पोरं मधल्या दोघांत गोंधळतात, पण नॉट लावून पाहिलं की गोंधळ संपतो.

आता “द बस कम्स लेट” सारखं साधं वाक्य, ज्यात सहाय्यक क्रियापदच नाही. याचं नकारार्थी करताना ‘डज’ बाहेरून आणावा लागतो: “द बस डज नॉट कम लेट.” नॉटला टेकायला कोणीतरी लागतं, म्हणून हा डज भाड्याने आणलेला. ऑलवेजला टेकू लागत नाही. तेव्हा नॉटच्या जागी ऑलवेज ठेवायचा, डजला परत पाठवायचं, आणि जाताना त्याने जो ‘एस’ उचलला होता तो कमला परत द्यायचा: “द बस ऑलवेज कम्स लेट.” म्हणजे गाइडमधला दुसरा नियम, ‘बाकी क्रियापदांच्या आधी’, हा वेगळा नियमच नाही. खुर्ची तीच आहे, फक्त तिच्या पुढे उभा असलेला डज दिसत नाही.

तुमच्या कारखान्यातल्या भिंतीकडे आता या नजरेने पाहा. “बी केअरफुल” ही आज्ञा आहे. आज्ञेचं नकारार्थी काय? “डू नॉट बी केअरलेस.” म्हणजे आज्ञेत ‘बी’ असूनही डू बाहेरून आला, आणि नॉट ‘बी’च्या आधी बसला. म्हणून डू परत पाठवल्यावर उरतं “ऑलवेज बी केअरफुल”, “नेव्हर बी केअरलेस.” भिंत बरोबर आहे, बाईही बरोबर आहेत, आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच आहे.

हे असं का, असं आमच्याकडे दरवर्षी एखादा तरी विचारतोच. “काऊन मॅडम, कम वेगळं आन् इज वेगळं काऊन?” थोडक्यात सांगते. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत सगळीच क्रियापदं इजसारखी वागायची. तेव्हा “आय नो नॉट” म्हणत, डूची गरजच नव्हती, नो स्वतः उडी मारून नॉटच्या पुढे जायचं. साधारण सोळाव्या-सतराव्या शतकात ही उडी बंद पडत गेली आणि डूचा वापर रूढ झाला. इज, आर आणि सहाय्यक म्हणून येणारं हॅव यांनी मात्र जुनी सवय सोडली नाही. फ्रेंचमध्ये साध्या क्रियापदांना ती अजून आहे, तिथे ‘नेहमी’ हा शब्द साध्या क्रियापदाच्याही मागेच येतो.

आता आपल्याकडच्या चुकांबद्दल, कारण नागपूरच्या पोरांची चूक पुण्याच्या पोरांपेक्षा जरा वेगळी पडते. मराठीत ‘नेहमी’ सहसा कर्त्याच्या जवळ बसतो: तो नेहमी उशिरा येतो, तो नेहमी घरी असतो. दोन्हीकडे जागा एकच. म्हणून पोरं “ही ऑलवेज कम्स लेट” बरोबर म्हणतात आणि त्याच झोकात “ही ऑलवेज इज ॲट होम” म्हणून जातात. ही चूक सगळ्या महाराष्ट्रात आहे. आमच्याकडे त्यावर एक थर आणखी असतो. आपण ‘असतो’ फार कमी म्हणतो. आपण म्हणतो, “तो नेहमी लेट राहते.” मग पोरगं ‘राहते’ला शब्द शोधतं आणि लिहितं “ही ऑलवेज रिमेन्स लेट”, कधी कधी तर “ही ऑलवेज लिव्ह्ज लेट.”

गंमत अशी की “ही ऑलवेज रिमेन्स लेट” मध्ये ऑलवेजची जागा बरोबर आहे. रिमेन हे साधं क्रियापद, त्याचं नकारार्थी “डज नॉट रिमेन”, म्हणून ऑलवेज आधी. चूक क्रियापद निवडण्यात आहे. बाई वहीवर नुसती लाल रेघ मारतात, पोराला वाटतं ऑलवेज चुकलं, आणि पुढच्या वेळी तो “ही रिमेन्स ऑलवेज लेट” लिहितो. म्हणजे जे बरोबर होतं तेही मोडलं. तुमच्या मुलीच्या वहीत रेघ दिसली तर आधी पाहा की रेघ नेमकी कशावर आहे. ‘राहते’ मनात आलं की मी पोरांना एवढंच सांगते, आधी ते ‘आहे’ करून पाहा. ‘तो लेट आहे’ असं म्हणता आलं की इज येतं, आणि इज आलं की ऑलवेज मागे.

याच्या उलटी चूकही भरपूर सापडते: “ही इज ऑलवेज कम लेट.” यात पोराने ‘इज ऑलवेज’ हे दोन शब्द एक करून टाकले आहेत, जणू ‘इजऑलवेज’ म्हणजे नेहमी. वर्गात आधी इजची वाक्यं घोटून घेतली की हे हमखास होतं. इथेही नॉट लावायला सांगा. “ही इज नॉट कम” हे त्याच्याच कानाला खटकेल, आणि इज काढायला तो स्वतः तयार होईल.

‘हॅव’ दोन तोंडांचा आहे, त्याला जरा वेळ द्या. “आय हॅव सीन” मध्ये तो सहाय्यक, नकारार्थी “हॅव नॉट सीन”, म्हणून “आय हॅव ऑलवेज सीन.” पण “आय हॅव टू गो”, म्हणजे ‘मला जावं लागतं’, याचं नकारार्थी आजकाल “आय डू नॉट हॅव टू गो” असंच होतं. डू आला म्हणजे ऑलवेज हॅवच्या आधी: “आय ऑलवेज हॅव टू गो.” “आय हॅव ऑलवेज टू गो” हे चूक. “आय ऑलवेज हॅव टी ॲट फोर” मध्येही तेच, कारण ‘पिणे’ या अर्थाचा हॅव साधं क्रियापद आहे. शब्द एक, वागणूक दोन, आणि ओळखायची खूण तीच.

वाक्यात नॉट आधीच असेल तर? इथे चाचणी थोडी अपुरी पडते आणि अर्थ पाहावा लागतो. ‘तो नेहमी येत नाही’ याचे मराठीत दोन अर्थ निघतात. एक, येतो पण दर वेळी नाही. दुसरा, जेव्हा पाहावं तेव्हा गैरहजर. इंग्रजीत पहिल्या अर्थासाठी “ही डज नॉट ऑलवेज कम.” नॉट पुढे, ऑलवेज मागे. दुसऱ्या अर्थासाठी लोक ऑलवेज आणि नॉट एकत्र आणतच नाहीत, सरळ “ही नेव्हर कम्स” म्हणतात. ‘समटाइम्स’ मात्र उलट वागतो. ‘कधी कधी मला समजत नाही’ म्हणजे “आय समटाइम्स डू नॉट अंडरस्टँड.” समटाइम्स नॉटच्या पुढे राहतो. हे दोन जोडीने शिकवले की लक्षात राहतात.

आणि ‘कधीच’ आला की सावध. मराठीत नेव्हरच्या अर्थाच्या ‘कधीच’ला सोबत ‘नाही’ लागतोच, तो कधीच येत नाही. पोरं दोन्हींचं भाषांतर करतात: “ही नेव्हर डज नॉट कम.” प्रमाण इंग्रजीत नेव्हरच्या पोटातच नकार आहे, वरून नॉट लावला की अर्थ उलटा होतो, म्हणजे तो येत नाही असं कधी होतच नाही. “ही नेव्हर कम्स” एवढंच पुरे.

रेअरलीच्या बाबतीत हे पटकन कळत नाही, कारण मराठीत ‘क्वचित येतो’ असं होकारार्थी क्रियापद आपण वापरतो. वाक्याच्या मध्ये असताना रेअरली गुपचूप ऑलवेजच्याच खुर्चीवर बसतो: “ही इज रेअरली ॲट होम”, “ही रेअरली कम्स.” त्याचा नकार दिसतो तो दोन ठिकाणी. शेपटीचा प्रश्न जोडला तर “ही रेअरली कम्स, डज ही?” असं होतं, “डझन्ट ही?” नाही. आणि रेअरलीला उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवलं तर मागचा क्रम प्रश्नासारखा उलटा करावा लागतो: “रेअरली डज ही कम.” “रेअरली ही कम्स” चालत नाही. नेव्हर आणि सेल्डमलाही हेच लागू. तुमच्या मुलीला हे अवघड वाटलं तर “नो सूनर डिड” ची आठवण द्या, ते वरच्या वर्गात सगळे पाठ करतात. तिथे डिड पुढे का येतो हे बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं. कारण हेच आहे, नकाराचा शब्द तोंडाशी आला की सहाय्यक कर्त्याच्या पुढे येतो. युज्वली, समटाइम्स आणि ऑफन यांच्यात नकार नाही, म्हणून “समटाइम्स ही कम्स लेट” बिनधास्त चालतं. ऑलवेज मात्र साध्या विधानात तोंडाशी ठेवू नये. तो पुढे शोभतो तो आज्ञेतच, भिंतीवर आहे तसा.

“एव्हरी डे”, “ट्वाइस अ वीक” असे दोन-तीन शब्दांचे गट या खुर्चीवर बसत नाहीत. ते वाक्याच्या शेवटी किंवा सुरुवातीला.

मागच्या हिवाळ्यात एका पोराने वडिलांवर लिहिलेला परिच्छेद मी जपून ठेवला आहे, कारण त्यात हे सगळं एकत्र आलं होतं. वडील संत्र्याचा माल घेऊन कळमन्याच्या बाजारात जातात. पहिलं वाक्य होतं, “माय फादर इज ऑलवेज गेट अप ॲट फोर.” त्याला नॉट लावायला सांगितलं. “इज नॉट गेट अप,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. “डज नॉट गेट अप.” मग “माय फादर ऑलवेज गेट्स अप ॲट फोर.” त्याने विचारलं, “इज ऑलवेज गेटिंग अप” केलं तर? व्याकरणात बसतं, पण ऐकणाऱ्याला वाटेल तू वडिलांच्या चार वाजता उठण्याला वैतागला आहेस. इजच्या जोडीला ‘इंग’ आणि मध्ये ऑलवेज आला की बहुधा कुरकुरीचा सूर लागतो. तो म्हणाला, “मग नको मॅडम.”

दुसरं, “ही गोज ऑलवेज टू कळमना.” नकारार्थी “डज नॉट गो”, म्हणून “ही ऑलवेज गोज टू कळमना.” तिसरं, “ही हॅज ऑलवेज टू कॅरी द बॉक्सेस.” नकारार्थी करताना तो अडला, “हॅज नॉट टू” म्हणाला. मी म्हटलं, ‘उचलाव्या लागत नाहीत’ कसं म्हणशील? “डज नॉट हॅव टू.” मग आपोआप “ही ऑलवेज हॅज टू कॅरी द बॉक्सेस.” चौथं तुमच्या मुलीचंच, “इन द सीझन ही विल बी ऑलवेज टायर्ड.” ते त्याने न विचारता दुरुस्त केलं: “विल ऑलवेज बी टायर्ड.” पाचवं, “रेअरली ही टेक्स अ हॉलिडे.” इथे मी दोन्ही पर्याय दिले, “ही रेअरली टेक्स अ हॉलिडे” किंवा “रेअरली डज ही टेक अ हॉलिडे.” त्याने पहिला घेतला, आणि बरं केलं. दुसरा भाषणात किंवा छापील लेखात शोभतो, वडिलांबद्दल बोलताना जरा मंचावर चढल्यासारखा वाटतो.

शेवटचं वाक्य मात्र त्याने बरोबर लिहिलं होतं आणि माझ्याच चाचणीत ते नापास होत होतं. लोक विचारतात, तुझे वडील दमलेले आहेत का, आणि तो उत्तर देतो: “येस, ही ऑलवेज इज.” नॉट लावला तर “ही इज नॉट” होतं, म्हणजे चाचणीप्रमाणे “ही इज ऑलवेज” हवं. पण ते चूक आहे. ‘टायर्ड’ हा शब्द गाळला की इज वाक्याच्या टोकाशी उरतो आणि सगळा जोर त्याच्यावर येतो. तशा वेळी ऑलवेज इजच्या आधी सरकतो. “हॅज ही पेड?” ला “ही ऑलवेज हॅज”, “विल शी हेल्प?” ला “शी ऑलवेज विल.” पुढचा भाग न गाळताही इजवर मुद्दाम जोर देऊन बोललं तर हेच होतं, “आय ऑलवेज ॲम ऑन टाइम!” असं भांडणात म्हणतात. अमेरिकी लोक फारसा जोर नसतानाही कधी कधी असं बोलतात, सिनेमात ऐकू येईल. मुलीच्या पेपरात मात्र पूर्ण वाक्य असेल तर इज पुढे आणि ऑलवेज मागे, आणि वाक्य इजवरच तुटत असेल तर ऑलवेज पुढे. त्या पोराला मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? तो म्हणाला, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ऐकलं होतं.